एका अकाउंट्सच्या जागेसाठी शेकडो रेझ्युमेंतून दहा कसे निवडायचे

नाशिकमध्ये अकाउंट्सच्या जागेची जाहिरात टाकली की आठवडाभरात मेलबॉक्स भरून वाहतो. बीकॉम झालेली मुलं, टॅलीचा क्लास केलेली मुलं, सीए ऑफिसात दोन-तीन वर्षं काढून कंपनीत यायला निघालेली मंडळी, शिवाय कन्सल्टंटने एकगठ्ठा पाठवलेले बायोडेटा. मग बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. पहिले पन्नास-साठ नीट वाचले जातात, पुढचे नुसते चाळले जातात, आणि दहा माणसं त्या पहिल्या साठांतूनच निघतात. बाकीच्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी दोन दिवस उशिरा अर्ज केला.

मी गेली काही वर्षं जी पद्धत वापरतो ती एका उदाहरणावरून सांगतो. अंबड एमआयडीसीतला प्रेस पार्ट्सचा कारखाना धरा. उलाढाल बारा कोटींच्या आसपास, पार्ट प्लेटिंगसाठी बाहेर जातात आणि परत येतात. अकाउंट्सचे एक ज्येष्ठ साहेब आहेत आणि त्यांच्या हाताखाली एक एक्झिक्युटिव्ह हवा आहे, पगार तीस हजारांपर्यंत. अर्ज आले ३८०. आकडे समजण्यापुरते आहेत, पण प्रमाण साधारण असंच पडतं.

पहिला रेझ्युमे उघडण्याआधी

जाहिरातीतली वाक्यं बाजूला ठेवा. ‘टॅली, जीएसटी, टीडीएसचं ज्ञान आवश्यक’ यावरून कुणालाच गाळता येत नाही, कारण हे तीन शब्द प्रत्येक रेझ्युमेत असतात. त्यापेक्षा अकाउंट्सच्या साहेबांसमोर कॅलेंडर घेऊन बसा आणि विचारा, महिन्यात तुमची गाडी नेमकी कुठे अडते?

तारखा ठरलेल्या आहेत. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला विक्रीचं जीएसटीआर-१, १४ ला पोर्टलवर टू-बी, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या बिलांवरून आपल्याला मिळणाऱ्या क्रेडिटची यादी, तयार होतं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला कर भरायचं थ्री-बी. आमच्या उदाहरणातले साहेब म्हणाले, “टीडीएस, पीएफ मी डोळे मिटून करतो. १४ ते २० या सहा दिवसांत जीव जातो. खरेदीची बिलं टू-बीशी जुळवायची, सप्लायरच्या मागे लागायचं. आणि दुसरं म्हणजे प्लेटिंगवाल्याकडे गेलेला माल. चलन एकीकडे, माल दुसरीकडे.”

जागा याच दोन कामांसाठी आहे. बाकी सगळं शिकवता येतं किंवा साहेब सांभाळतात. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं कायदा धरतो आणि कर व्याजासकट अंगावर येतो. म्हणजे चलनांचा मेळ हा नुसता टापटिपीचा प्रश्न नाही, त्यात रोख पैसे जातात. हे बोलणं अर्ध्या तासात होतं आणि पुढचे कितीतरी तास वाचतात. मात्र ते रेझ्युमे बघायच्या आधी करायचं. आधी रेझ्युमे बघितले की माणूस आवडलेल्या उमेदवाराला शोभेल असे निकष बनवू लागतो.

त्याच बैठकीत दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. पहिली, कोणत्या कारणावरून अर्ज थेट बाजूला जाईल. अशी कारणं तीनच ठेवा. आमची होती: आर्टिकलशिप धरून अकाउंट्सच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव नसणं, तीस हजारांत यायची तयारी नसणं, आणि रोज अंबडला येणं किंवा दोन महिन्यांत रुजू होणं न जमणं. दुसरी, कोणत्या कारणावरून कुणालाही गाळायचं नाही: मधला एक-दोन वर्षांचा खंड, मुक्त विद्यापीठाची पदवी, टक्केवारी, फोटो, आडनाव, लग्न, गाव. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे, तरी इथलेच लोक त्या पदवीकडे नाक मुरडतात, याचं मला आश्चर्य वाटतं. नोकरी करत करत शिकलेल्या माणसाकडे अनुभवाची वर्षं सहसा जास्तच असतात. स्त्री-पुरुष भेदाबद्दल तर बोलायलाच नको, भरतीत तो करायला कायद्याने मनाई आहे.

सगळे अर्ज एका शीटमध्ये

मेल, नोकरीची संकेतस्थळं, कन्सल्टंट आणि व्हॉट्सअ‍ॅप अशा चार वाटांनी अर्ज येतात, आणि एकच माणूस तीन वाटांनी येतो. त्यामुळे प्रत्येक अर्जाला क्रमांक देऊन एका एक्सेल शीटमध्ये घ्या. रकाने मोजकेच ठेवा: क्रमांक, वाट, मोबाइल, राहण्याचा भाग, अनुभवाची वर्षं, शेवटच्या ठिकाणाचा धंदा, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड. नाव वेगळ्या शीटमध्ये ठेवा. वाचणाऱ्यासमोर फक्त क्रमांक आला की ओळखीचं आडनाव, आपल्या तालुक्याचा माणूस, अमक्याचा भाचा ही भानगड बरीचशी आपोआप मिटते.

दुबार अर्ज नावावरून शोधू नका, स्पेलिंग दर वेळी वेगळं असतं. मोबाइलवरून शोधा. कुणी +91 लावतं, कुणी मध्ये जागा सोडतं, म्हणून आधी शेवटचे दहा आकडे वेगळे काढा. मोबाइल C रकान्यात असेल आणि J, K रिकामे असतील, तर J2 मध्ये पहिलं सूत्र आणि K2 मध्ये दुसरं टाकून खालपर्यंत ओढा:

```
=RIGHT(SUBSTITUTE(C2," ",""),10)
=COUNTIF(J:J,J2)
```

K मध्ये एकपेक्षा मोठा आकडा आला की तो दुबार. त्यातला सर्वांत अलीकडचा रेझ्युमे ठेवायचा. मात्र दुबार अर्जांत अनुभवाच्या तारखा वेगवेगळ्या असतील तर तशी खूण करून ठेवा, फोनवर विचारायला उपयोगी पडते. आमचे ३८० चे इथे ३३५ झाले.

पहिली चाळणी

इथे रेझ्युमे ‘वाचायचा’ नाही. ठरवलेली तीन कारणं बघायची आणि हो, नाही किंवा कळत नाही असं लिहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ऑफिसातल्या कुणालाही देता येतं.

खरी गंमत ‘कळत नाही’मध्ये असते. अपेक्षित पगार आणि नोटीस पिरियड बरेच जण लिहीत नाहीत. त्यांना गाळू नका. पगाराची कमाल मर्यादा, जागेचं ठिकाण आणि कामाची वेळ स्पष्ट सांगणारा एक छोटा मेसेज त्या सगळ्यांना पाठवा, आणि दोन दिवसांत ‘जमेल’ किंवा ‘जमणार नाही’ एवढंच उत्तर मागा. पगार आधी सांगायला कंपन्या उगीच लाजतात. आकडा कळला की अवास्तव अपेक्षा असलेले स्वतःहून बाहेर पडतात आणि पुढे इंटरव्ह्यूच्या दिवशी कुणाचाच वेळ जात नाही.

अंतराचा निर्णय तुम्ही घेऊ नका, उमेदवाराला घेऊ द्या. पिंपळगाव बसवंत किंवा सिन्नरहून रोज अंबडला येणारी माणसं आहेत, आणि पंचवटीतून येताना द्वारकेच्या ट्रॅफिकला कंटाळून तीन महिन्यांत सोडणारीही आहेत. नकाशावरून यातलं काही कळत नाही.

या चाळणीनंतर ११० उरले.

दुसरी चाळणी: कामाचा पुरावा

वेळ इथे घालवायचा. प्रत्येकाला चार मिनिटं, एका बैठकीत पंचवीसच, आणि क्रम मिसळून घ्यायचा. चार गोष्टींना शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे: टू-बीचा मेळ, जॉबवर्क किंवा मालाचा हिशेब, बँक आणि येणी जुळवणं, आणि एका ठिकाणी टिकून केलेलं काम. उल्लेखच नसेल तर शून्य. नुसता उल्लेख असेल तर एक. किती, केव्हा, कशासाठी यातलं काहीतरी ठोस असेल तर दोन. एकूण आठ. टिकण्यासाठी आमचं माप सोपं होतं: एका जागी तीन वर्षं असतील तर दोन, दीड वर्ष तरी असेल तर एक.

‘जीएसटीचं सर्व काम पाहिलं’ याला एक गुण. ‘दरमहा साडेतीनशे खरेदी बिलं टू-बीशी जुळवून न दिसणाऱ्या बिलांची यादी सप्लायरना पाठवत असे’ याला दोन. दुसरं वाक्य क्लासच्या नमुन्यात सापडत नाही, ते काम केलेल्यालाच सुचतं. तसंच कुणी आयटीसी-०४ लिहिलं असेल तर थांबून बघा. जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं ते विवरण आहे, पाच कोटींवर उलाढाल असेल तर सहामाही भरावं लागतं, आणि ज्याने चलनं हाताळलेली नाहीत त्याला सहसा ते नावही माहीत नसतं.

नमुन्यातून उतरवलेले रेझ्युमे ढिगाने मिळतील. तेच करिअर ऑब्जेक्टिव्ह, तीच ओळ, तीच चूक. यावरून माणूस वाईट ठरवू नका. चांगला अकाउंटंट स्वतःबद्दल लिहायला बसला की अवघडतो, मग मित्राची फाइल घेऊन नाव बदलतो. त्या साच्यात त्याने स्वतःची अशी एखादी ओळ घातली आहे का, ती शोधा.

तारखाही बोलतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, त्यामुळे २०१५ पासून जीएसटी रिटर्न भरतोय म्हणणाऱ्याने व्हॅटचे दिवस त्यात मिसळले आहेत. टू-बी २०२० मध्ये सुरू झालं, तेव्हा २०१८ च्या नोकरीखाली ते दिसलं तर प्रश्नचिन्ह. ‘दरमहा जीएसटीआर-२ भरत होतो’ हे वाक्य तर हमखास भेटतं, आणि जीएसटीआर-२ चं मासिक रिटर्न सुरुवातीलाच स्थगित झालं होतं. उलट, पोर्टलवर ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या आयएमएसमध्ये बिलं स्वीकारणं किंवा प्रलंबित ठेवणं याबद्दल कुणी लिहिलं असेल, तर तो माणूस अलीकडेपर्यंत स्वतः पोर्टलवर बसत होता असं समजायला हरकत नाही. २०१८ च्या नोकरीपुढे टॅलीप्राइम लिहिलं म्हणून मात्र गुण कापू नका. टॅलीप्राइम २०२० च्या अखेरीस आलं हे खरं, पण लोक जुन्या टॅलीलाही आजचंच नाव देतात. त्यात फसवण्याचा हेतू नसतो.

यानंतरचा प्रश्न असतो, अनुभव कुठल्या धंद्यातला? नाशिकमध्ये याचा फरक फार पडतो. सीए ऑफिसातून आलेल्याचा पोर्टलवर हात बसलेला असतो, वीस-वीस पार्ट्यांची रिटर्नं त्याने भरलेली असतात, पण गेटवर माल उतरतो, इनवर्ड पडतो आणि मग बिल येतं, ही साखळी त्याने पाहिलेली नसते. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याकडचा माणूस रोजच्या हिशोबपट्ट्या आणि पेमेंटमध्ये तरबेज असतो, मात्र ताज्या कांद्यावर जीएसटीच नाही, तेव्हा त्याच्या ‘जीएसटी अनुभवा’त नेमकं काय होतं ते विचारावं लागतं. वायनरीतल्या माणसाचंही तसंच. वाइन जीएसटीच्या बाहेर आहे, विक्रीचा भाग व्हॅट आणि उत्पादन शुल्कात जातो. द्राक्ष निर्यातवाल्याकडची कागदपत्रं चोख असतात, पण काम हंगामी. पतसंस्थेतला माणूस रोजची रोकड पैशापर्यंत जुळवून घरी जातो, ही सवय दुर्मिळ आहे, तरी टू-बीला शून्यच द्यावा लागतो. यातल्या कुठल्याच कारणावरून माणूस गाळायचा नाही. ‘जीएसटी’ हा एकच शब्द पाच धंद्यांत पाच वेगळ्या कामांना लावलेला असतो, एवढं वाचताना ध्यानात ठेवायचं.

गुण एकट्याने देऊ नका. सुरुवातीचे पंधरा रेझ्युमे मी आणि अकाउंट्सचे साहेब वेगवेगळे तपासतो आणि मग ताडून बघतो. जिथे दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडतो तिथे उमेदवाराबद्दल वाद घालत नाही, गुणाची व्याख्या नीट करतो. पंधरानंतर दोघांचे गुण बऱ्यापैकी जवळ येतात आणि बाकीचे वाटून घेता येतात.

दोन अर्ज शेजारी ठेवून

अर्ज क्रमांक ४१. चार पानं, रंगीत पट्टी, उत्तम इंग्रजी. टॅली, जीएसटी, टीडीएस, फायनलायझेशन, एमआयएस, सगळ्यांपुढे चांदण्या. चार वर्षांत चार नोकऱ्या, सर्वांत मोठी चौदा महिन्यांची. प्रत्येक नोकरीखाली तीच सहा वाक्यं. टू-बी १, मालाचा हिशेब ०, बँक आणि येणी १, टिकाव ०. एकूण २.

अर्ज क्रमांक ८७. दीड पान, स्पेलिंगच्या चुका, मुक्त विद्यापीठाची बीकॉम, राहायला नाशिकरोड. सातपूरच्या एका हीट ट्रीटमेंटच्या छोट्या युनिटमध्ये पाच वर्षं, मग दीड वर्ष काहीच नाही. कामाखाली लिहिलं होतं: रोज साठ-सत्तर पार्टी चलनं इनवर्ड, माल परत जाताना चलन नंबरप्रमाणे वजावट, महिनाअखेर पार्टीनिहाय शिल्लक मालाची यादी. टू-बी जुळवण्याचा नुसता उल्लेख. बँक दर शनिवारी जुळवत असे आणि साठ दिवसांवरच्या येण्यांची यादी मालकांना देत असे.

इथे आमचं जुळेना. साहेबांनी मालाच्या हिशेबाला एकच गुण दिला. त्यांचं म्हणणं, हा जॉबवर्करकडचा माणूस, माल पाठवणाऱ्याच्या बाजूने त्याने काही केलेलं नाही, आयटीसी-०४ त्याला भरावं लागलेलं नाही. मी दोन दिले होते. आपण ज्या प्लेटिंगवाल्याशी भांडतो, त्याच्या टेबलावर बसून या माणसाने पाच वर्षं तीच चलनं जुळवली आहेत. विवरण भरायला एका दुपारी शिकवता येतं, चलनामागून चलन वजा करत जाण्याची चिकाटी शिकवता येत नाही. शेवटी व्याख्या अशी ठरली: चलनानुसार शिल्लक काढलेली असेल तर दोन, मग बाजू कोणतीही असो. टू-बी १, माल २, बँक २, टिकाव २. एकूण ७. दीड वर्षाच्या खंडासाठी काहीच कापलं नाही, तसं आधीच लिहून ठेवलेलं होतं.

सहा किंवा जास्त गुण मिळालेले २४ निघाले. हा आकडा पन्नासवर गेला तर दोन गुण फार उदारपणे वाटले गेलेत असं समजा. दहाच्याही खाली आला तर पाच गुणवाले पुन्हा वाचा, बहुधा चांगली माणसं त्रोटक लिहिण्यामुळे अडकलेली असतात.

पाच मिनिटांचा फोन

चोवीस जणांना फोन करायचा, संध्याकाळी सहानंतर, कारण दिवसा ते दुसऱ्याच्या ऑफिसात बसलेले असतात. आधी वेळ विचारून घ्या. प्रश्न सगळ्यांना तेच.

पहिला प्रश्न: “बिल हातात आहे, माल आलाय, पण टू-बीमध्ये दिसत नाही. तुम्ही काय करता?” काम केलेला माणूस लगेच उलट विचारतो किंवा फाटे फोडतो. सप्लायर तिमाही रिटर्नवाला आहे का, असेल तर त्याने १३ तारखेपर्यंत आयएफएफ या तिमाहीवाल्यांच्या मासिक सोयीत बिल टाकलं होतं का, की ते तिमाही संपल्यावरच दिसणार. आपला जीएसटी नंबर त्याने चुकीचा टाकला का. तोवर क्रेडिट घ्यायचं नाही, बिल वेगळ्या यादीत ठेवायचं, मालकांना सांगून कराएवढी रक्कम थांबवायची. यातले दोन मुद्दे आले तरी पुरे. “ते आमचे सीए बघायचे” असं उत्तर आलं तर तेही प्रामाणिक उत्तर आहे, फक्त रेझ्युमेतल्या दोन गुणांचा एक करा.

दुसरा प्रश्न: “जॉबवर्कला गेलेला माल नगांत जातो आणि परत येताना वजनात मोजला जातो, मेळ कसा घालाल?” याला एकच बरोबर उत्तर नाही. आधी नगाचं वजन काढून ठेवणं, स्क्रॅप वेगळा दाखवणं, स्टोअरवाल्याला सोबत घेणं, असं काहीतरी यायला हवं. सीए ऑफिसातले लोक इथे अडखळतात, पण त्यातला एखादा मोठ्याने विचार करत बरोबर वाटेला लागतो, आणि तसा माणूस मी यादीत ठेवतो.

तिसरा प्रश्न फक्त सीए इंटर देणाऱ्यांना: पुढची परीक्षा केव्हा आणि रजा किती लागेल? दोन महिन्यांची रजा परवडेल की नाही हे कंपनीने आधीच ठरवलेलं असावं. नाही म्हणायचं असेल तर आताच म्हणा.

घरी कोण कोण असतं, लग्नाचं काय, नवऱ्याची बदली होते का, हे प्रश्न फोनवर नकोत आणि इंटरव्ह्यूतही नकोत. अनुभवाचे दाखले, पीएफची सर्व्हिस हिस्ट्री वगैरे तपासणी निवड पक्की करताना करायची. चोवीस जणांकडून कागद मागवून काही साधत नाही.

दहा ठरवताना

फोननंतर गुण दुरुस्त करून यादी लावली की पहिले सात-आठ आपोआप ठरतात. नवव्यापासून चौदाव्यापर्यंत सगळे एका गुणाच्या फरकात असतात, आणि तिथे गुणांच्या शेपटीला लटकण्यात अर्थ नाही. मी तिथे विचारतो, आधीच्या आठांत कुठल्या प्रकारचा माणूस नाही? सगळे कारखान्यांतलेच असतील तर सीए ऑफिसातला एक चांगला घेतो. सगळे तिशीच्या आतले असतील तर मोठ्या खंडानंतर परतणारी एखादी अनुभवी बाई घेतो. इंटरव्ह्यूत तुलना करायला वेगवेगळी माणसं समोर हवीत. उरलेले चार जण राखीव, कारण दहातले दोन-तीन हमखास येत नाहीत. त्या चौघांना ते राखीव असल्याचं सांगून टाका.

इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना नुसते दहा रेझ्युमे देऊ नका. प्रत्येकापुढे चार गुण, फोनवरच्या उत्तराची एक ओळ आणि राहिलेली शंका लिहून द्या. क्रमांक ८७ पुढे आमची ओळ होती: ‘चलन पक्कं. टू-बीच्या उत्तरात तिमाही सप्लायरचा मुद्दा स्वतःहून आला, गुण १ चे २. टॅलीवर पर्चेस एंट्री आणि जॉबवर्क चलन समोर बसवून करून घ्यावी.’ गाळलेल्यांना त्याच दिवशी दोन ओळींचा नकार पाठवा, आणि त्यांचे रेझ्युमे ‘कुणाला उपयोगी पडतील’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात लोकांचे मोबाइल, पत्ते आणि सध्याच्या कंपनीचं नाव असतं, आणि अंबड-सातपूरमध्ये ते सध्याच्या साहेबापर्यंत पोचायला एक दुपार पुरते.